वरिष्ठांच्या वरिष्ठांना फ्रेंचमधून पत्र

फ्रेंच कंपन्यांत थेट वरिष्ठाला ‘एन प्लस १’ आणि त्याच्या वरिष्ठाला ‘एन प्लस २’ म्हणतात. अडलेला प्रश्न ‘एन प्लस २’कडे नेणे म्हणजे चुगली, हा समज चुकीचा आहे. यवतमाळमध्ये तलाठ्याकडे रखडलेल्या कामासाठी तहसीलदारांकडे अर्ज करताना जशी आधीच्या अर्जाची पोच जोडतात, तशाच या फ्रेंच पत्रात आधीच्या स्मरणपत्रांच्या तारखा द्याव्या लागतात. समजा, कापसाच्या नमुन्यांची मंजुरी अडली आहे, तर ‘झ म पेर्मे द वू सोलिसिते’ (आपणांस विनंती करण्याची मुभा घेत आहे) अशी सुरुवात करून ‘माल्ग्रे मे रलाँस’ (स्मरणपत्रे पाठवूनही) या शब्दांपुढे त्या पत्रांच्या तारखा लिहाव्यात, एकच नेमकी मागणी मांडावी आणि थेट वरिष्ठालाही प्रत पाठवावी. ‘त्यांनी दुर्लक्ष केले’ हा आरोप ठरतो, तर ‘उत्तर मिळालेले नाही’ ही पडताळता येणारी वस्तुस्थिती असते.