पेटी म्हणजे किती डझन?

नोव्हेंबरात देवगडच्या एका आंबा बागायतदारांचा फोन आला. लहान धंद्यांसाठी हिशेबाच्या आणि ऑर्डरच्या संगणक प्रणाली तयार करणं हा माझा व्यवसाय. काकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: दरवर्षी मार्च ते मे व्हॉट्सॅपवर ऑर्डरी येतात, त्या वहीत उतरवताना चुका होतात, पेट्या कमी पडतात, कुणाची तरी ऑर्डर राहूनच जाते. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना स्वतःच ऑर्डर टाकता येईल असं काहीतरी त्यांना हवं होतं. आम्ही चाळीस मिनिटं बोललो. फोन ठेवताना काका म्हणाले, "तुमच्या लक्षात आलंच आहे, आता लागा कामाला."

मी लगेच कामाला लागलो नाही. त्याच संध्याकाळी त्या बोलण्याचा लेखी गोषवारा करायला बसलो. आमच्या धंद्यात या पहिल्या संभाषणाला डिस्कव्हरी कॉल म्हणतात, आणि पुढे होणाऱ्या बहुतेक भांडणांचं मूळ त्यातच असतं. तिथे कुणी खोटं बोललेलं नसतं. एकच शब्द दोघांनी दोन अर्थांनी ऐकलेला असतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या तेराव्या कलमात संमतीची व्याख्या आहे: दोन व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात, तेव्हा ती संमती. फोनवर ‘एकाच गोष्टीला’ एवढं साधतं. ‘एकाच अर्थाने’ साधायला कागद लागतो.

गोषवारा त्याच दिवशी लिहायचा, याबाबत मी हट्टी आहे. फोन चालू असताना वहीत तुटक शब्दच उतरतात. ‘पेटी – ५ – मोठा वेगळा’ या नोंदीचा अर्थ तासाभरात नीट आठवतो, तीन दिवसांनी आठवत नाही. मग माणूस ती गाळलेली जागा स्वतःच्या अंदाजाने भरतो आणि तो अंदाज होता हेही विसरतो. समोरच्याला विचारून बोलणं रेकॉर्ड करता येतं, पण रेकॉर्डिंग म्हणजे गोषवारा नव्हे. त्यात सगळं असतं आणि काहीच ठरलेलं नसतं.

वहीतल्या नोंदी मी चार ढिगांत वेगळ्या करतो. काकांनी स्पष्ट सांगितलेलं पहिल्या ढिगात, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. त्यांनी सांगितलेलं नाही, पण मी गृहीत धरलेलं दुसऱ्यात. विचारायचं राहिलेलं तिसऱ्यात, आणि ‘यंदा नको’ असं ठरलेलं चौथ्यात. दुसरा ढीग पहिल्यापासून वेगळा काढणं सर्वांत अवघड जातं, कारण आपलं गृहीतक आपल्याला वस्तुस्थितीसारखंच दिसतं. त्यासाठी मी प्रत्येक वाक्यापुढे थांबून विचारतो, हे काका नेमक्या कोणत्या शब्दांत म्हणाले होते? शब्द आठवले नाहीत, तर ते वाक्य दुसऱ्या ढिगात.

पेटीचंच पाहा. "पाच डझनाची पेटी असते," असं काका एकदा म्हणाले होते. मी लिहिणार होतो: ‘एक पेटी म्हणजे पाच डझन.’ मग त्या नोंदीतल्या ‘मोठा वेगळा’कडे लक्ष गेलं. लाकडी पेटीचा आकार ठरलेला असतो, आतल्या फळाचा नसतो. फळ मोठं असलं तर त्याच पेटीत चार डझन बसतात, लहान असलं तर सहा किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे ‘पाच डझन’ हे काकांनी बोलण्याच्या ओघात दिलेलं उदाहरण असू शकतं, नियम नव्हे. फरक किती पडतो? प्रणालीने शिल्लक डझनांत मोजली आणि पेटी पाचाची धरली, तर शंभर पेट्यांचे पाचशे डझन दिसतील. त्या पेट्या चार डझनांच्या निघाल्या, तर हातात चारशेच असतील. नसलेले शंभर डझन आंबे विकले जातील आणि पेट्या कमी पडण्याची तक्रार, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती जशीच्या तशी राहील.

गोषवाऱ्यात मी असं लिहिलं:

‘पेटीत किती डझन, हे फळाच्या आकारावर ठरतं असं मी समजतो. म्हणून गिऱ्हाईक चार, पाच किंवा सहा डझनांची पेटी निवडेल, प्रत्येकीचा दर वेगळा असेल आणि शिल्लक पेट्यांत मोजली जाईल, डझनांत नाही. माझा समज बरोबर आहे का? एक किंवा दोन डझनांचे खोकेही तुम्ही विकता का?’

आधी माझा समज सांगितला, मग त्यावरून मी काय करणार ते सांगितलं आणि मग प्रश्न विचारला. नुसतं ‘पेटीबद्दल अधिक माहिती द्यावी’ असं लिहिलं असतं, तर काकांनी फोन करून पुन्हा चाळीस मिनिटं बोललं असतं. समोरच्याला ‘हो’, ‘नाही’ किंवा एक आकडा एवढंच उत्तर द्यावं लागेल, असा प्रश्न तयार करायला वेळ जातो. तो माझा जावा, त्यांचा नाही.

तारखेचं प्रकरण आणखी खोल निघालं. "तारखेप्रमाणे ऑर्डर लागली पाहिजे," असं काका दोनदा म्हणाले होते. पण कुठली तारीख? पेटी देवगडहून निघण्याची, गिऱ्हाइकाच्या दारात पोचण्याची, की आंबा खायला तयार होण्याची? कच्चा आंबा गवतात ठेवल्यावर तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, उन्हाळा कडक असेल तर कमी. गिऱ्हाईक ‘अक्षय्य तृतीयेला हवा’ म्हणतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ताटातला रस असतो आणि कुरिअरवाल्याच्या डोळ्यांपुढे त्या दिवशी पोचवायचं खोकं. मी ‘तारीख म्हणजे पेटी घरी पोचण्याची’ असं गृहीत धरून दुसऱ्या ढिगात लिहिलं होतं. ते चूक निघालं. काका म्हणाले, गिऱ्हाईक नेहमी खाण्याचा दिवस सांगतं. त्याला कच्चा हवा की तयार हे विचारून पेटी कधी भरायची ते आम्ही ठरवतो. गोषवाऱ्यातली ती एक ओळ चुकीची होती म्हणूनच ‘कच्चा की तयार’ हा पर्याय ऑर्डरीत आला. फोनवर त्याचा उच्चारही झाला नव्हता.

म्हणूनच गोषवाऱ्यात आपली चूक समोरच्याच्या सहज नजरेस पडली पाहिजे. गुळगुळीत भाषेत ती लपते. ‘सुलभ वितरण व्यवस्थापन’ असं लिहिलं असतं, तर काकांनी मान डोलावली असती.

उघडे प्रश्न मी कागदाच्या वरच ठेवतो. बरेच जण ते शेवटी लिहितात. मला ते पटत नाही. बागेत उभा असलेला माणूस मोबाइलवर पहिला पडदाभर मजकूर वाचतो. उत्तरं हवी असतील तर प्रश्न तिथेच हवेत, आणि पाच-सहापेक्षा जास्त नकोत. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर कोणाकडून आणि कधीपर्यंत हवं ते लिहायचं. दरांचं काका ठरवणार होते, व्हॉट्सॅपवरच्या गिऱ्हाइकांची यादी मुंबईतल्या मुलाकडे होती, आणि बिलाचा नमुना हिशेब पाहणाऱ्यांना विचारायचा होता. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण काका आंबापोळी आणि आमरसही विकतात आणि त्यांचं तसं नाही. हे तीन प्रश्न ‘तुम्ही’ या एकाच नावावर टाकले असते, तर तिन्ही पडून राहिले असते.

किरकोळ बाबींत ‘उत्तर आलं नाही तर मी असं करीन’ ही ओळ जोडता येते. संदेश मराठीत जाईल की इंग्रजीत, यासाठी ती पुरते. पैशांच्या प्रश्नाला मात्र ती कधीही लावू नये. काका अर्धे पैसे आगाऊ घेतात. अवकाळी पावसाने फळ गळलं आणि पेटी देता आली नाही, तर ते पैसे परत करायचे, की पुढच्या तोडणीतली पेटी द्यायची, की गिऱ्हाइकाला विचारायचं? यात मी गप्प राहून एक पर्याय निवडणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशांचा निर्णय घेणं. तो प्रश्न उत्तर येईपर्यंत उघडाच राहिला पाहिजे, आणि उघडा आहे असं कागदावर दिसलं पाहिजे.

गोषवारा दीड पानाचा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवला आणि दहा मिनिटांत उत्तर आलं: अंगठा. या अंगठ्यावर मी विसंबत नाही. एकही दुरुस्ती न येता आलेला होकार बहुधा न वाचता आलेला असतो. अशा वेळी मी एक गोष्ट मागतो, ती काकांकडेही मागितली: गेल्या हंगामाच्या वहीतल्या कुठल्याही एका पानाचा फोटो. मग त्या पानावरची प्रत्येक ऑर्डर गोषवाऱ्यातल्या नियमांत बसते का, हे ओळीओळीने तपासलं.

पानावर अकरा ऑर्डरी होत्या. नऊ बसल्या. एकीपुढे ‘एसटीने’ असं लिहिलेलं होतं. पोचवण्याचा हा मार्ग मी धरलाच नव्हता. दुसरीत एकाच माणसाने पैसे भरले होते आणि पेट्या पाच पत्त्यांवर गेल्या होत्या. त्याने नातेवाइकांना आंबे पाठवले होते. माझ्या मांडणीत एका ऑर्डरीला एकच पत्ता होता, आणि हे काम अर्ध्यावर आल्यावर कळलं असतं तर पाया उकरावा लागला असता. काकांनी ते दडवलं नव्हतं. दरवर्षी होणारी गोष्ट सांगण्यासारखी वाटत नाही, एवढंच. पान पाहून मी फोन केला, तेव्हा त्यांनी गोषवारा पहिल्यांदा नीट वाचला आणि तारखेची दुरुस्तीही त्याच फोनवर झाली.

मग दुसरी प्रत निघाली. जुनी प्रत मी खोडली नाही; नव्या प्रतीवर तारीख घातली आणि बदललेल्या ओळी ठळक केल्या. यापुढे नवी मागणी आली की ती याच कागदाला तारखेसह जोडायची, आणि तिच्यामुळे किती दिवस आणि किती रुपये वाढतील ते शेजारीच लिहायचं.

दुसऱ्या प्रतीला काकांचं उत्तर तीन दिवसांनी आलं: "पेटीचं बरोबर. तारखेचं बरोबर. एक डझनाचं खोकं पण घाला. पैसे परत करायचं घरात अजून ठरत नाही." मी बाकीचं काम सुरू केलं. आगाऊ पैशांचा भाग तसाच ठेवला, आणि कागदावर त्या प्रश्नापुढे लिहिलं: उत्तर काकांकडून, जानेवारीअखेरपर्यंत.