‘लॉगिनचं काय झालं?’

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्याच्या आयटी कंपन्यांतली कितीतरी मुलंमुली लॅपटॉप घेऊन सातारा, सांगलीच्या घरी परतली. पुढे काहींना ऑफिसने परत बोलावलं, काही जण अजूनही घरूनच काम करतात. कोणी साताऱ्यात शाहूपुरीतल्या वरच्या खोलीत बसतं, कोणी सांगलीत विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये. मधलं बोलणं बहुतेक चॅटवर चालतं. अशा टीममध्ये भांडण कसं तयार होतं, हे एका उदाहरणावरून टप्प्याटप्प्याने पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण घरून काम करणाऱ्यांना ते ओळखीचं वाटेल.

साताऱ्याची टेस्टर आणि सांगलीचा डेव्हलपर एकाच टीममध्ये आहेत. ग्राहक न्यूयॉर्कचा, मॅनेजर पुण्यात. सकाळच्या मीटिंगमध्ये डेव्हलपर म्हणतो, ‘लॉगिनचं आज होईल.’ सगळे माना डोलावतात. दुपारी चार चाळीसला टेस्टर ग्रुपवर लिहिते, ‘लॉगिनचं काय झालं?’ दहा मिनिटांनी उत्तर येतं, ‘करतोय.’ त्यानंतर रात्रीपर्यंत सांगलीकडून एक अक्षर नाही. रात्री साडेदहाला डेव्हलपर ‘झालं’ असं लिहून झोपी जातो. सकाळी टेस्टर मॅनेजरला कळवते की काल काम मिळालंच नाही. डेव्हलपरच्या मनात बसतं की ही आपली तक्रार करते, आणि तिच्या मनात, की हा मुद्दाम टाळतो.

पहिला धागा सुराचा. चार चाळीसचा प्रश्न लिहिताना टेस्टरच्या डोक्यात तिचा स्वतःचा आवाज होता, सहज विचारणारा. उरलेल्या वेळेचं नियोजन करायचं होतं, एवढंच. समोरासमोर असती तर ती ‘काय रे, लॉगिनचं कुठवर आलं?’ असं म्हणाली असती आणि त्या ‘काय रे’ने काम भागलं असतं. पडद्यावर पोचले ते फक्त तीन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. तेही मॅनेजर ज्या ग्रुपमध्ये आहे तिथे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांनी काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने कळवायची, समोरच्याने सूर ओळखायचा. आपला सूर साधारण 78 टक्के वेळा ओळखला जाईल, असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं. आवाजातून 73 टक्के वेळा ओळखला गेला, ईमेलमधून फक्त 56 टक्के वेळा. दोनच पर्याय असताना नुसत्या अंदाजानेही 50 टक्के बरोबर येतात, म्हणजे मजकुराने जवळजवळ काहीच सांगितलं नाही. वाचणाऱ्यांनाही आपल्याला सूर नीट कळला, अशी खात्री होती. म्हणून दोघांपैकी एकालाही ‘आपला गैरसमज झाला असेल’ अशी शंका येत नाही. चॅटवरचं भांडण इतक्या सहज पेटतं ते या दुहेरी खात्रीमुळे.

रिकामी राहिलेली जागा वाचणारा आपल्या त्या वेळच्या मनःस्थितीने भरतो. डेव्हलपर दुपारपासून एका चुकीमागे लागून वैतागला होता, त्यात प्रश्न मॅनेजरसमोर आला. संघटनांचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टिन बायरन यांनी 2008 मध्ये मांडलं की ईमेलमधला आनंदी मजकूर वाचणाऱ्याला सपाट वाटतो आणि सपाट मजकूर नाराजीचा वाटतो. सगळं एक पायरी खाली उतरतं. त्यामुळे साधा प्रश्न हिशेब मागितल्यासारखा वाटला. त्याने ‘करतोय’ एवढंच लिहिलं, तेही तिला तुटक वाटलं.

दुसरा धागा मौनाचा. त्यातले तीन तास सांगलीत वीज गेली होती, राऊटर बंद पडला होता आणि मोबाइलला घरात जेमतेम रेंज होती. साताऱ्यात वीज होती. टेस्टरला दिसत होतं ते एवढंच, की उत्तर नाही. कॅथरिन क्रॅम्टन यांनी वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या विद्यार्थ्यांच्या 13 टीम अभ्यासून 2001 मध्ये नेमकं हेच नोंदवलं. दूरच्या सहकाऱ्याची परिस्थिती दिसत नाही, म्हणून लोक अडचणीचा दोष त्याच्या स्वभावाला देतात. गप्प राहण्याचे अर्थ मात्र बरेच असतात: पटलं, पटलं नाही, बाहेर आहे, निरोपच पाहिला नाही, उत्तराची गरज वाटली नाही.

तिसरा धागा अपेक्षेचा. माझ्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो सुराखाली झाकला जातो. सकाळच्या वाक्यात ‘आज’ आणि ‘होईल’ हे दोन्ही शब्द मोकळे राहिले होते. ग्राहकाची मीटिंग त्यांच्या सकाळी साडेनऊला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सातला. अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरमध्ये एक तास मागे जातात, तेव्हा तीच मीटिंग आपल्या आठला येते. टेस्टरच्या हिशेबाने ‘आज’ म्हणजे पाचपर्यंत, कारण तपासायला तिला दोन तास लागतात. डेव्हलपरच्या हिशेबाने ‘आज’ मध्यरात्रीपर्यंत चालतो. ‘झालं’चंही तसंच. त्याच्यासाठी कोड लिहून जमा केला की झालं, तिच्यासाठी तो टेस्ट सर्व्हरवर चढला की झालं. रात्री साडेदहाला तो तिथे चढलेला नव्हता.

भांडण सुराचं आहे की अपेक्षेचं, हे ओळखायला एक साधी तपासणी पुरते. दोघांना वेगवेगळं विचारायचं: काय, कुठे आणि किती वाजता मिळायचं ठरलं होतं? उत्तरं जुळली तर प्रश्न सुराचा, एका फोनवर मिटण्याजोगा. जुळली नाहीत तर फोनवर कितीही गोड बोललं तरी पुढच्या आठवड्यात तेच होणार. इमोजी आणि ‘प्लीज’ वाढवल्याने इथे उलट नुकसान होतं, कारण मूळ फरक आणखी खोल लपतो.

आपल्या उदाहरणात उत्तरं जुळणार नाहीत. म्हणून आधी दुरुस्त व्हायला हवं ते सकाळचं वाक्य: ‘लॉगिन पाचपर्यंत टेस्ट सर्व्हरवर चढवतो. अडलं तर चारला सांगतो.’ ते झालं की टेस्टरचा प्रश्नही बदलतो: ‘सातच्या मीटिंगआधी तपासायला दोन तास लागतील. पाचला मिळेल ना? नसेल तर लॉगिन उद्यावर ढकलते, तसं सांग.’ इथे कारण आहे, वेळ आहे आणि नकाराची वाटही मोकळी आहे. राऊटरला बॅटरी लावणं उत्तम. नसेल तर वीज जाताच मोबाइलवरून ‘लाईट गेली, तासाने बघतो’ एवढा एसएमएस रेंज कमी असतानाही बहुधा जातो.

क्रूगर यांच्या प्रयोगांतून सुरासाठीही एक युक्ती मिळते. लिहिलेलं वाक्य लोकांना उलट्या सुरात मोठ्याने म्हणायला लावलं, तेव्हा त्यांची फाजील खात्री कमी झाली. निरोप पाठवण्याआधी तो एकदा चिडलेल्या आवाजात वाचून पाहावा. तसाही तो शोभत असेल, तर एक वाक्य जोडावं किंवा सरळ फोन लावावा.

या उपायांना एक मर्यादा आहे. डेव्हलपरवर तीन जणांचं काम असेल, तर ‘पाचपर्यंत’ हा शब्द कितीही स्पष्ट लिहिला तरी खोटाच ठरेल. तेव्हा तासांचा हिशेब मांडून कोणतं काम आज सोडायचं, हे पुण्यातल्या मॅनेजरने ठरवायला हवं, आणि ते दोघांना एकाच वेळी, एकाच कॉलवर सांगायला हवं.