मातीच्या वर्णपटातून सेंद्रिय कर्ब

विदर्भाच्या काळ्या मातीचा नमुना निकट अवरक्त प्रकाशात धरला, की ११०० ते २५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काही तरंगलांबी जास्त शोषल्या जातात, काही कमी. १४०० आणि १९०० जवळच्या खोल दऱ्या मुख्यतः पाण्याच्या, २२०० जवळची चिकणमातीची. सेंद्रिय कर्बाची खूण फिकट असते आणि इतर खुणांत मिसळलेली असते. ती वेगळी काढण्यासाठी कॅलिब्रेशन लागते.

त्याची सुरुवात प्रयोगशाळेत होते. माती वाळवून, कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात. ओलावा राहिला तर पाण्याच्या दऱ्या बाकीचे झाकून टाकतात. प्रत्येक नमुन्याचा कर्ब रासायनिक पद्धतीनेही मोजावा लागतो आणि पद्धत कोणती, यावर बरेच काही ठरते. काळ्या मातीत चुनखडी असते. नमुना भट्टीत जाळून एकूण कर्ब मोजला, तर चुनखडीतला कर्बही त्यात येतो आणि कॅलिब्रेशन चुनखडीच शिकते. समीकरणाचे गुणक २३४० नॅनोमीटरजवळ उसळलेले दिसले, तर हा संशय घ्यावा. डायक्रोमेटची वॉकली-ब्लॅक पद्धत चुनखडी मोजत नाही, मात्र सगळा सेंद्रिय कर्बही जाळत नाही. म्हणून उत्तराला सहसा सुमारे १.३ ने गुणतात.

नॅनोमीटरगणिक एक याप्रमाणे वर्णपटातून सुमारे १४०० आकडे मिळतात, नमुने मात्र शेदीडशे. शिवाय शेजारचे आकडे जवळजवळ सारखेच, त्यामुळे साधे समीकरण इथे कोलमडते. पार्शल लीस्ट स्क्वेअर्स पद्धत या आकड्यांना वजने देऊन एकच बेरीज बनवते, आणि वजने अशी निवडते की ती बेरीज कर्बासोबत जास्तीत जास्त बदलावी. हा पहिला घटक. उरलेल्या वर्णपटातून दुसरा, मग तिसरा. घटक वाढतील तसतशी जुन्या नमुन्यांवरची चूक कमीच होत जाते. एका टप्प्यानंतर समीकरण यंत्राची खरखर पाठ करू लागते.

घटक किती घ्यायचे, हे बाजूला ठेवलेल्या नमुन्यांवरून ठरवतात, आणि फसगत बहुधा इथेच होते. समजा, ३० शेतांतून प्रत्येकी ५, असे १५० नमुने आहेत. ते चिठ्ठ्या टाकून वाटले, तर एकाच शेतातली माती दोन्ही गटांत जाते आणि चूक फसवी कमी दिसते. दर वेळी अख्खे शेत वगळून तपासले, तर समजा चूक सातव्या घटकापर्यंत ०.१२ टक्क्यावर उतरते आणि पुढे वाढते. मग सातवर थांबावे. सहा आणि सातमध्ये फरक नगण्य असेल, तर सहाच बरे. कर्बाचे प्रमाण विचलन ०.२५ टक्के असेल, तर एवढ्या चुकीत कमी आणि जास्त कर्बाची शेते ओळखता येतात. विचलनच ०.१२ असेल, तर सगळ्यांना सरासरी सांगितली तरी तेवढीच चूक झाली असती.

कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीवर हे समीकरण तसेच चालवता येत नाही. तिच्यात लोहाची ऑक्साइडे आणि केओलिनाइट भरपूर, त्यामुळे वर्णपटाची ठेवणच वेगळी. समीकरण तरीही एक आकडा देतेच. म्हणून प्रत्येक नव्या नमुन्याचा किती भाग त्या सात घटकांत बसला नाही, हे आधी पाहतात. तो भाग जुन्या नमुन्यांपेक्षा बराच मोठा निघाला, तर आकडा बाजूला ठेवून माती डायक्रोमेटकडे पाठवतात, आणि असे पुरेसे नमुने जमले की ते मिळवून कॅलिब्रेशन नव्याने बांधतात.