आधी नोंद, मग पोच

चाकणच्या एखाद्या कारखान्यात बेअरिंग हाउसिंगमध्ये दाबून बसवणारी प्रेस चालू आहे असे समजा. दर 30 सेकंदांनी एक नग तयार होतो. जोर 18 किलोन्यूटनच्या आसपास लागला तर बेअरिंग नीट बसले, फार कमी लागला तर ते सैल आहे. सहा महिन्यांनी ग्राहकाची तक्रार आली की, त्या नगावरचा क्रमांक पाहून त्या दिवशी किती जोर लागला होता हे सांगता यायला हवे. नगाचा हा माग ठेवण्याला कारखान्यात ट्रेसेबिलिटी म्हणतात.

प्रेस चालवतो पीएलसी, म्हणजे यंत्राशेजारच्या पॅनेलमध्ये बसवलेला छोटा औद्योगिक संगणक. जोराचा आकडा त्याला माहीत असतो, पण वर्षानुवर्षांच्या नोंदी सांभाळणे हे त्याचे काम नव्हे. त्या जातात एसक्यूएल डेटाबेसमध्ये. या दोघांच्या मधे पायथॉनमध्ये लिहिलेला एक लहान प्रोग्रॅम असतो, त्याला गेटवे म्हणतात. सीमेन्सचा एस7-1200 असेल तर स्नॅप7 ही मोफत लायब्ररी वापरून तो पीएलसीची मेमरी वाचतो. पहिल्याच दिवशी 18.4 च्या जागी भलताच आकडा दिसला, तर बहुधा वाचायला सुरुवात चुकीच्या बाइटपासून झालेली असते. ही चूक लगेच डोळ्यांत भरते, म्हणून तिची मला धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती गुपचूप हरवणाऱ्या नोंदींची.

नग झाला की पीएलसी आधी सगळे आकडे भरतो आणि सर्वांत शेवटी अनुक्रमांक बदलतो, उदाहरणार्थ 4127. नवा अनुक्रमांक दिसला की गेटवे नोंद उचलतो, डेटाबेसमध्ये लिहितो आणि तोच आकडा पीएलसीला परत पाठवतो. ही पोच. ती मिळेपर्यंत पीएलसीने नोंद पुसायची नाही.

```python
rec = read_record()
if rec.seq != last_seq:
    save(rec)
    conn.commit()
    send_ack(rec.seq)
    last_seq = rec.seq
```

यात `commit` आणि `send_ack` यांचा क्रम उलटला तर काय होईल? पोच गेली, पीएलसीने 4127 पुसला, आणि नेमका त्याच क्षणी डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला. नोंद कुठेच उरली नाही. यंत्र चालूच आहे, लाल दिवा लागलेला नाही. तक्ता काढून पाहिला तरच 4126 नंतर थेट 4128 दिसेल.

क्रम बरोबर असला तरी एक अडचण राहते. नोंद पक्की झाली आणि पोच जाण्याआधी केबल निघाली, तर गेटवे पुन्हा सुरू झाल्यावर 4127 दुसऱ्यांदा लिहायला जाईल. म्हणून यंत्र आणि अनुक्रमांक ही जोडी तक्त्यात एकदाच येऊ शकेल असे बंधन घालतात. दुसरी नोंद डेटाबेस नाकारतो, गेटवे मुकाट्याने पोच देतो आणि काम पुढे सरकते. नगाचा क्रमांक या बंधनासाठी चालत नाही, कारण दुरुस्तीनंतर तोच नग प्रेसवर परत येऊ शकतो आणि ती नोंदही हवीच असते.

खरा सापळा मात्र या बंधनातच आहे. अनुक्रमांक वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत ठेवला नसेल, किंवा पीएलसीचा प्रोग्रॅम बदलताना ती मेमरी कोरी झाली असेल, तर मोजणी पुन्हा 1 पासून सुरू होते. त्या आकड्यांच्या नोंदी तक्त्यात आधीपासून आहेत. डेटाबेस प्रत्येक नवा नग जुनाच समजून नाकारतो, गेटवे पोच देत राहतो आणि अख्ख्या पाळीच्या नोंदी जातात. त्यामुळे नोंद नाकारली गेली की गेटवेने जुन्या ओळीतला नगाचा क्रमांक आणि जोर नव्या नोंदीशी ताडून पाहायला हवा. दोन्ही जुळले तरच पोच द्यायची. न जुळले तर पोच थांबवायची आणि भोंगा वाजवायचा.

पोच थांबली म्हणून लगेच यंत्र थांबायला नको, यासाठी पीएलसीत शंभर नोंदींची रांग ठेवता येते. 30 सेकंदांना एक नग या वेगाने ती 50 मिनिटे पुरते आणि तेवढ्यात सर्व्हर बहुतेक वेळा पूर्ववत होतो. रांग भरल्यावर काय करायचे यावर उत्पादन विभाग आणि गुणवत्ता विभाग यांच्यात हमखास वाद होतो. उत्पादनवाले म्हणतात, जुन्या नोंदींवर नव्या लिहा, पण प्रेस थांबवू नका. माझे मत गुणवत्तावाल्यांच्या बाजूने आहे: रांग भरली की पीएलसीने पुढचा नग घेऊ नये आणि पडद्यावर कारण स्पष्ट मराठीत दाखवावे, म्हणजे ऑपरेटर मेकॅनिकऐवजी सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलावेल.