८४चे हरवलेले विभाजक

'८४चे सर्व विभाजक लिहा.' पाचवीच्या वहीत हा प्रश्न असतो, आणि त्याखाली पुष्कळदा असं उत्तर असतं : १, २, ३, ४, ७, १२, ८४. लिहिलेलं सगळं बरोबर, पण पाच विभाजक गायब! मुलांना पाढे येत नाहीत असं मुळीच नाही. सुचेल तसं लिहीत गेलं की पाढ्यात सहज न भेटणारे २१, २८, ४२ हमखास निसटतात. म्हणून मैत्रिणींनो, मुलाला विभाजक एकेकटा लिहू देऊ नका. जोडीनंच लिहायला लावा.

कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात १ पासून ओळीनं आकडे, दुसऱ्यात 'भाग जातो का?' आणि तिसऱ्यात जोडीदार. आता ८४ घेऊ.

१ची जोडी ८४. एककस्थानी ४, म्हणजे २ने भाग जातो, जोडीदार ४२. अंकांची बेरीज ८ + ४ = १२, तिला ३ने भाग जातो; जोडीदार २८. ४ची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर असते. इथे संख्याच दोन अंकी, तेव्हा सरळ भागावं. ८० आणि ४, दोन्हींना ४ने भाग जातो, जोडीदार २१. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ बाद. २ आणि ३ दोघांनीही भाग गेला, म्हणून ६ने जातोच, जोडीदार १४. ७साठी सोपी कसोटी नाही, पाढाच म्हणायचा : सात बारे चौऱ्याऐंशी. ८ने भागलं तर बाकी ४ उरते. अंकांची बेरीज १२, तिला ९ने भाग जात नाही, म्हणून ९ही बाद.

इथे थांबायचं. का, ते मुलाला जरूर सांगा. जोडीतले दोघंही १० किंवा त्याहून मोठे असते, तर गुणाकार निदान १०० झाला असता. म्हणजे ८४च्या प्रत्येक जोडीत एक तरी आकडा ९ किंवा त्याहून लहान असणारच, आणि ते सगळे आपण तपासले. आता डावीकडचे आकडे वरून खाली आणि जोडीदार खालून वर वाचा : १, २, ३, ४, ६, ७, १२, १४, २१, २८, ४२, ८४. एकूण बारा!

एक फसगत मात्र नेहमी होते. 'सहाला २ आणि ३ची कसोटी चालते, मग आठाला २ आणि ४ची का नाही?' असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. ४मध्ये २ आधीच दडलेला आहे, तोच पुन्हा मोजून उपयोग नाही. ८४ला २ने जातो, ४ने जातो, पण ८ने जात नाही, हे उदाहरणच दाखवा.

आता तयार यादी तपासायची कशी? समजा मुलानं लिहिलं : १, २, ३, ४, ७, १२, १४, २१, २८, ४२, ८४. मोजा, अकरा आहेत. विषम संख्या आली की शंका घ्यावी, कारण जोड्यांची मोजणी सम यायला हवी. मग दोन्ही टोकांकडून गुणत या. १ × ८४, २ × ४२, ३ × २८, ४ × २१, सगळं ठीक. पुढे ७ × १४ मात्र ९८! इथंच काहीतरी हरवलंय. ७चा जोडीदार १२ आहे, पण १४ एकटा पडला. त्याचा जोडीदार ६.

पण मोजणी सम आली म्हणजे सुटलो, असं नव्हे हं! १, २, ४, ७, १२, २१, ४२, ८४ ही यादी पाहा. आठ आहेत, जोड्याही जुळतात, तरी ३–२८ आणि ६–१४ या अख्ख्या जोड्याच गळल्या आहेत. अशा वेळी यादीतला एखादा मधला आकडा घ्या, उदाहरणार्थ १२. १२चे जे विभाजक, ते ८४चेही असलेच पाहिजेत. १२ला ३ आणि ६ने भाग जातो, मग ते यादीत कुठे आहेत? चोरी पकडली! यातूनही एखादी जोडी निसटू शकते; खात्री हवी तर १ ते ९ची ओळच तपासावी.

अपवाद वर्गसंख्यांचा. ३६मध्ये ६ × ६ येतो. ६ एकदाच लिहायचा. म्हणून ३६चे विभाजक नऊ, आणि तिथे विषम हेच बरोबर.

सरावासाठी : ४८, ६०, ६४, ९०, ९७.
ताळा (किती विभाजक) : ४८चे १०, ६०चे १२, ६४चे ७, ९०चे १२ आणि ९७चे फक्त २, कारण ती मूळ संख्या आहे.