निळा फ्रॉक, निळी भिंत

आमच्या शेजारच्या ताई शिवणकाम करतात. यंदा दिवाळीच्या आधी त्यांनी फिकट निळ्या कापडाचा एक लहान फ्रॉक शिवला. गळ्याला पांढरी झालर लावली. बाजाराच्या गावातला एक कापडवाला त्यांना म्हणाला होता, "बाई, आधी फोटो पाठवा. पसंत पडला तर दोन डझन घेईन."

ताईंनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीला फ्रॉक घातला. तिला घराच्या भिंतीला टेकून उभे केले आणि मोबाईलवर फोटो काढून पाठवला. कापडवाल्याचे उत्तर आले, "पोरगी दिसते, भिंत दिसते. फ्रॉक कुठं आहे?"

ताई फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "दादा, मोबाईल बिघडला का हो?"

मोबाईल बिघडला नव्हता. ताईंच्या भिंतीला चुना दिलेला आहे, आणि चुन्यात नीळ कालवलेली आहे. म्हणजे भिंत फिकट निळी आणि फ्रॉकही फिकट निळा. फोटोत मुलीचे तोंड आणि हातपाय तेवढे दिसत होते. मधला फ्रॉक भिंतीत विरघळून गेला होता. दोन डझन फ्रॉकांचे गिऱ्हाईक त्यामुळे हातचे जायची वेळ आली होती.

आता असे का होते ते बघा. समोर माणूस उभा असला म्हणजे आपल्याला दोन डोळ्यांनी कळते की तो पुढे आहे आणि भिंत मागे आहे. तो जरा हलला तरी कळते. फोटो सपाट असतो. त्यात पुढचे काय आणि मागचे काय, हे फक्त रंगावरून आणि उजेड-सावलीवरून ओळखायचे. दोन्ही सारखे झाले की कडा हरवली.

त्यातही नुसता रंग वेगळा असून भागत नाही. फिकट गुलाबी कापड फिकट निळ्या भिंतीपुढे धरले तर रंग वेगळे, पण उजळपणा सारखाच. उन्हात उभे राहून लहानशा पडद्यावर असा फोटो पाहिला की दोन्ही एकच वाटतात. तेव्हा पाहायचे ते हे, की मागचा भाग कपड्यापेक्षा स्पष्ट गडद आहे किंवा स्पष्ट फिकट आहे.

हे ओळखायची एक सोपी रीत आहे. डोळे जवळजवळ मिटा, पापण्यांच्या फटीतून बघा. बारीकसारीक गोष्टी पुसट होतात, गडद आणि फिकट एवढेच उरते. असे पाहताना कपड्याची कडा नाहीशी झाली, तर फोटोतही ती होणार. मी ताईंना तसे बघायला सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "अगं बाई! पोरीचं नुसतं मुंडकंच भिंतीवर दिसतंय!"

मग आम्ही फोटो पुन्हा काढायला घेतला. भिंत तर बदलता येत नव्हती. पण मुलीची जागा बदलता येत होती.

ताईंच्या घराचे दार पश्चिमेला आहे. सकाळी नऊच्या सुमाराला अंगणात घराचीच सावली असते. मुलीला भिंतीपासून पुढे आणून ओसरीच्या कडेला उभे केले. भिंत आता तिच्या मागे चार हातांवर गेली. मुलीवर उघड्या आभाळाचा उजेड पडत होता. भिंत मात्र छपराखाली आत होती, तिथे उजेड कमी. तीच भिंत, तीच नीळ, पण आता ती फ्रॉकपेक्षा काळसर दिसू लागली. फ्रॉकची कडा उठली. भिंतीला चिकटून उभे राहिले की जेवढा उजेड माणसावर तेवढाच भिंतीवर पडतो, म्हणून पहिला फोटो फसला होता.

याहून ठळक हवे असेल तर घराचे दारच कामाला येते. दार सताड उघडायचे आणि माणसाला उंबऱ्यावर बाहेर तोंड करून उभे करायचे. मागे घरातला अंधार असतो. फिकट कपडा त्या अंधारावर चांगला उठून दिसतो. आम्ही तसाही एक फोटो काढला, आणि त्यात दोन अडचणी आल्या.

पहिली अशी, की फ्रॉक पांढराफटक आला. निळा रंग गेला, चुण्या गेल्या, झालरही कळेना. याचे कारण मोबाईलच्या स्वभावात आहे. समोर काळोख जास्त असला की त्याला वाटते, उजेड कमी आहे. मग तो सगळेच उजळ करतो. यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर दिसणाऱ्या फ्रॉकवर बोट टेकवायचे. बऱ्याच मोबाईलांत तिथे चौकोन किंवा गोल उमटतो आणि बाजूला सूर्याचे लहान चित्र येते. ते चित्र बोटाने हळूहळू खाली ओढायचे. फ्रॉकच्या चुण्या दिसू लागल्या की थांबायचे. मग खरा फ्रॉक मोबाईलशेजारी धरून रंग ताडून बघायचा. विकायच्या मालाचा रंग फोटोत निराळा आला, तर गिऱ्हाईक माल परत आणून देते.

दुसरी अडचण केसांची. मुलीचे केस काळे, मागचा अंधारही काळा. फ्रॉक सुटला, पण डोके अंधारात बुडाले. तेव्हा ताईंनी मागच्या बाजूची खिडकी उघडली. तिच्यातून थोडा उजेड मुलीच्या केसांवर आणि खांद्यांवर मागून आला. तेवढ्याने केसांची कडा दिसू लागली. खिडकी अगदी डोक्याच्या मागे मात्र येऊ द्यायची नाही. नाहीतर तिचा झगझगीत चौकोनच फोटोत येतो.

आभाळाच्या बाबतीतही हेच होते. आभाळी रंगाचा सदरा घालून पोरगा बांधावर उभा राहतो. त्याचा मित्र खाली बसून फोटो काढतो. मोबाईल वर तोंड करून धरला की मागे सगळे आभाळ येते, आणि सदरा त्यात मिसळतो. अशा वेळी फोटो काढणाऱ्याने उठावे. एखाद्या दगडावर किंवा बैलगाडीवर चढून, मोबाईल जरा खाली झुकवून फोटो काढावा. मग मागे काळी जमीन येते, नाहीतर उभे पीक येते. आभाळ हवेच असेल, तर डोके आभाळावर राहू द्यावे आणि सदऱ्याच्या मागे डोंगर किंवा झाडी येईल एवढेच उंच व्हावे.

ताईंनी शेवटी ओसरीवरचा फोटो पाठवला. दारातल्या फोटोपेक्षा त्यात फ्रॉकचा रंग खरा आला होता. तासाभरात कापडवाल्याचा निरोप आला, "झालर चांगली आहे. हाच फ्रॉक गडद निळ्यात होईल का?"

ताईंच्या पेटीत गडद निळा फ्रॉक तयारच होता. त्यांनी मुलीला तो घातला आणि लगबगीने उंबऱ्यावर उभे केले. मी म्हणालो, "ताई, डोळे मिटून बघा." त्यांनी पापण्यांच्या फटीतून पाहिले. गडद फ्रॉक अंधारात पार बुडाला होता. त्या म्हणाल्या, "मग याला आपली भिंतच बरी की!"

आणि त्यांनी मुलीला त्याच निळ्या भिंतीपुढे, दोन हात अंतर सोडून उभे केले. आता भिंत फिकट होती आणि फ्रॉक गडद. फोटो पहिल्याच खेपेला बरा आला.