‘नमस्कार’ आणि त्यामागचं काम

१९६६ च्या जानेवारीत एमआयटीतले जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामची रचना प्रसिद्ध केली. एलायझा वाक्यात ओळखीचे शब्द शोधत असे आणि त्या शब्दांना वरची-खालची पायरी दिलेली होती. ‘हॅलो’ सगळ्यांत खाली होता. त्याचं उत्तर एकच, नमस्कार करून ‘तुमची अडचण सांगा’ असं विचारण्याचं. ‘माय’ त्याच्या वर होता. म्हणून कुणी ‘हॅलो माय मदर इज इल’ असं टाइप केलं, तर अभिवादन मागे पडे आणि एलायझा कुटुंबाविषयी विचारू लागे. हॅलोनंतर स्वल्पविराम दिला, की मात्र सगळं बिघडे. ओळखीचा शब्द सापडल्यानंतर स्वल्पविराम किंवा पूर्णविराम आला, तर पुढचा मजकूर टाकून द्यायचा, असा तिचा नियम होता. आजारी आई स्वल्पविरामापलीकडे राहून जाई, आणि एलायझा पुन्हा विचारे, तुमची अडचण सांगा.

आजचे चॅटबॉट शब्दांची उतरंड लावत बसत नाहीत, पण प्रश्न तोच आहे. आलेला मेसेज नुसता नमस्कार आहे, की नमस्काराला जोडून काही काम आलंय?

वीज कंपनीच्या ग्राहकांसाठी एखादा बॉट तयार करायचा आहे, असं धरू. बनवणारे आधी ग्राहकांच्या हेतूंची यादी करतात. त्यांच्या भाषेत हे ‘इंटेंट’. अभिवादन हा एक इंटेंट, ‘बिल जास्त आलं’ हा दुसरा, ‘वीज गेली’ हा तिसरा. प्रत्येकाखाली नमुन्याची वाक्यं लिहिली जातात आणि त्यांवरून मॉडेल शिकतं. नवा मेसेज आला, की मॉडेल प्रत्येक इंटेंटला गुण देतं. मग या गुणांचं असं रूपांतर होतं, की सगळ्यांची बेरीज शंभर टक्के भरावी. या पायरीला ‘सॉफ्टमॅक्स’ म्हणतात.

आता ग्राहक लिहितो, ‘नमस्कार, या महिन्याचं बिल दुप्पट आलंय.’ समजा, मॉडेलने अभिवादनाला २ गुण दिले, जास्त बिलाला १.८ आणि वीज जाण्याला शून्य. शंभरात वाटणी केली, की अभिवादनाच्या वाट्याला सुमारे ५१ टक्के येतात, बिलाच्या वाट्याला ४२ आणि उरलेले ७ वीज जाण्याला. पहिला नंबर अभिवादनाचा, म्हणून बॉट म्हणतो, ‘नमस्कार! मी आपली काय मदत करू?’ ग्राहकाने मदत आधीच मागितलेली असते.

याहून गमतीशीर चूकही होते. चॅटबॉट बनवण्याच्या ‘रासा’ या प्रसिद्ध साधनात शंकेच्या वेळी माघार घेण्याची सोय आहे. पहिल्या आणि दुसऱ्या अंदाजात ०.१ पेक्षा कमी फरक असेल, तर मेसेज संदिग्ध मानायचा, ही तिची मूळ ठेवण. वरच्या उदाहरणात फरक ०.०९ च्या आसपास आहे. म्हणजे बॉटचे दोन्ही अंदाज बरोबर असतात आणि तरी तो म्हणतो, ‘माफ करा, मला समजलं नाही.’ शंभरात वाटणी करायची, तर एकाला मिळालेलं दुसऱ्याकडून जातं. वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत, असं सांगायला त्या हिशेबात जागाच नसते.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे अभिवादन कापून टाकायचं आणि उरलेलं वाचायचं. काही उरलं नाही, तर तो नुसता नमस्कार. प्रत्यक्षात कापणं अवघड जातं. ‘नमस्कार सर’मधलं ‘सर’ उरतं, पण ते काम नाही. ‘राम राम’ कापायचं म्हणून ‘राम’ यादीत घातला, तर ‘राम मारुती रोडवर लाइट गेली’ या ठाण्यातल्या तक्रारीचा पत्ताच अर्धा होतो. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांनी तर आणखी पेच टाकलाय. `nahi`, `mahiti`, `pahije` या तिन्ही शब्दांत `hi` ही अक्षरं आहेत. पूर्ण शब्दच जुळवायचा ठरवलं, तरी `hi line parat geli` या वाक्यातला `hi` म्हणजे आपली ‘ही’ असते.

दुसरा उपाय नमुन्यांच्या वाक्यांत आहे. बहुतेक वेळा चुकीचं मूळही तिथेच सापडतं. ‘नमस्कार’ हा शब्द फक्त अभिवादनाच्या नमुन्यांत आला असेल, तर मॉडेल शिकतं, की नमस्कार दिसला म्हणजे अभिवादन. म्हणून ‘बिल जास्त आलं’च्या खाली ‘नमस्कार, बिल फार आलंय’, ‘सर राम राम, बिलाचं बघा जरा’ अशी वाक्यंही घालावी लागतात. मग मॉडेलच्या लेखी नमस्काराचं वजन उतरतं आणि निकाल उरलेले शब्द लावतात.

तिसरा मार्ग दोन्ही हेतू एकत्र नोंदवण्याचा. रासात `greet+high_bill` असा जोडइंटेंट करता येतो. पण मॉडेल शिकवताना दिलेल्या जोड्याच ओळखतं. चाळीस कामं असतील, तर प्रत्येकाची नमस्कारासह जोडी करून तिचेही नमुने लिहायला हवेत. त्यामुळे काही जण शंभरातली वाटणीच सोडतात आणि प्रत्येक इंटेंटला स्वतंत्र प्रश्न विचारतात: तू या वाक्यात आहेस की नाहीस? या पद्धतीने २ गुणांचे ८८ टक्के होतात आणि १.८ चे ८६. दोघेही पन्नासची रेघ ओलांडतात. बॉट नमस्कार करतो आणि त्याच उत्तरात ग्राहक क्रमांक मागतो.

बॉट इथे चुकतोय, हे एकूण अचूकतेच्या आकड्यावरून सहसा कळत नाही. चाचणीसाठी ठेवलेली वाक्यं बहुधा नीटनेटकी, बिननमस्काराची असतात. म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा तपासावं लागतं, एकदा जसंच्या तसं आणि एकदा पुढे अभिवादन लावून. दोन्ही वेळा तेच काम ओळखलं गेलं पाहिजे. रिबेरो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या ‘चेकलिस्ट’ पद्धतीत अशा न बदलणाऱ्या निकालांच्या चाचण्यांना वेगळं स्थानच दिलं आहे. संभाषणांच्या नोंदींतही खूण दिसते. ग्राहकाने तेच वाक्य लगेच दुसऱ्यांदा, पण नमस्कार गाळून पाठवलं असेल, तर पहिल्यांदा बॉटने फक्त नमस्कार ऐकला होता.

नुसता नमस्कार आणि काम यांच्या मधले मेसेजही असतात. ‘नमस्कार, एक विचारायचं होतं’ यात काम असल्याची सूचना आहे, काम नाही. याला बिलाच्या किंवा तक्रारीच्या खात्यात ढकललं, तर बॉट भलतंच विचारत सुटतो. यासाठी ‘मदत हवी’ असा वेगळा इंटेंट ठेवतात आणि त्याचं उत्तर म्हणून कामांची छोटी यादी दाखवतात.

व्हॉट्सअॅपवर तर एकच बोलणं दोन मेसेजांत येतं. आधी ‘नमस्कार’, काही सेकंदांनी ‘बिल दुप्पट आलंय’. पहिल्या मेसेजपुरता नुसता नमस्कार हाच निकाल बरोबर असतो, पण माणूस अजून टाइप करत असतो. काही बॉट म्हणून क्षणभर थांबतात आणि लागोपाठचे मेसेज जोडून वाचतात. किती थांबायचं, हे माणसांच्या टाइप करण्याच्या वेगावरून ठरवावं लागतं. थांबणं फार थोडं असेल, तर स्वागताचा मजकूर तक्रारीनंतर येऊन पडतो. फार लांबलं, तर नुसता नमस्कार करून वाट पाहणाऱ्याला बॉट बंद आहे असं वाटतं आणि तो हेल्पलाइनला फोन लावतो.